पाच मिनिटं बसून बघ

डोळे मिटून बसल्यानं उसाचं बिल लवकर जमा होत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. तुझ्या दुकानाची उधारी गावोगावच्या शेतकऱ्यांकडे अडकलेली, शेतकऱ्यांची बिलं कारखान्याकडे अडकलेली, आणि खत कंपनीचा माणूस मात्र वसुलीला दारात उभा. अशा माणसाला कुणी ‘ध्यान कर’ म्हटलं की चीड येणारच. म्हणून मी तुला चक्रं, ऊर्जा, कुंडलिनी यांतलं काही सांगणार नाही. पाच मिनिटं बसायचं कसं आणि बसल्यावर मन पळालं की करायचं काय, एवढंच सांगतो. मला हे निपाणीच्या एका तंबाखू वखारीतल्या दिवाणजींनी शिकवलं. आयुष्यभर बोदांची आवक-जावक लिहिलेला माणूस, शब्दही तोलूनमापून वापरायचा. त्यांनी पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं, “श्वास घ्यायचा नाही. येतोय तो बघायचा.” पुढं मी जे लिहितोय ती त्याचीच फोड आहे.

बसणं ही काही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत सामायिकाला बसणारी माणसं तू लहानपणापासून बघितली आहेस. ती बैठक अठ्ठेचाळीस मिनिटांची असते, दोन घटकांची. लिंगायत घरांत इष्टलिंग तळहातावर घेऊन त्यावर नजर लावतात. विजापूरकडच्या निंबाळच्या गुरुदेव रानड्यांच्या परंपरेत गुरूनं दिलेलं नाम श्वासाला जोडून घ्यायचं असतं. या तिन्हींत श्रद्धा आधी आणि बैठक नंतर. तुझी अडचण नेमकी तिथंच आहे, तुला श्रद्धा उसनी घ्यायची नाही. तशी घेऊही नये. मी सांगतोय त्यात नाम नाही, मूर्ती नाही, मंत्र नाही. नाकातून जाणारी-येणारी हवा आहे, आणि ती आहे यावर तुझाही विश्वास असेल.

याला बुद्धाच्या परंपरेत आनापान म्हणतात. आपल्याकडं ते पोहोचवलं सत्यनारायण गोयंकांनी. त्यांची हकीकत तुला मुद्दाम सांगतो, कारण तेही तुझ्यासारखे व्यापारी होते आणि तुझ्यासारखेच साशंक. १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडालेत, मारवाडी घरात जन्म. धंदा मोठा, आणि त्याबरोबर अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या औषधाचीच सवय लागेल अशी भीती उभी राहिली. परदेशी डॉक्टर झाले, गुण आला नाही. मग कुणीतरी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं जायला सुचवलं. हे गुरू म्हणजे जंगलातले साधू नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. दिवसा सरकारी हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात लोकांना बसायला शिकवायचे. गोयंका कर्मठ हिंदू घरातले. हा बौद्धांचा मार्ग, आपला धर्म तर बिघडणार नाही ना, या विचारानं ते बराच काळ घुटमळले. शेवटी गेले तेव्हा ऊ बा खिननी त्यांना आधी परतच लावलं. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे त्याचं औषध नव्हे, असं त्यांचं म्हणणं. १९५५ मध्ये गोयंका पहिल्या शिबिराला बसले. १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. आज आपल्याला जवळ म्हणजे हातकणंगले तालुक्यात आळत्याला, रामलिंगच्या डोंगराकडं त्यांचं केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस श्वासाशिवाय दुसरं काही करायचं नसतं. पण आळत्याला तू आत्ताच जाऊ नकोस, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता बैठक.

वेळ सकाळची धर. अंघोळ झाल्यावर, नाश्त्याच्या आधी, आणि मुख्य म्हणजे मोबाईल हातात घेण्याआधी. एकदा व्हॉट्सॲपवर ऊसदराची चर्चा वाचलीस की ती पाच मिनिटं त्या चर्चेचीच होतात. मोबाईल लागणार आहे, पण गजरापुरता. आदल्या रात्रीच पाच मिनिटांचा टायमर तयार करून ठेव, बसताना फक्त सुरू कर, आवाज मंद ठेव, फोन विमान मोडवर टाक आणि पाठीमागं ठेव. समोर ठेवलास तर किती वेळ राहिला हे बघायला डोळे उघडतात. अक्काला आणि सूनबाईला सांगून ठेव की एवढा वेळ हाक मारू नका. लपून बसू नकोस. लपून बसलास की कान दाराकडं राहतात.

मांडी घालायलाच पाहिजे असं काही नाही. तुझे गुडघे दुकानात उभं राहून कुरकुरतात, तर सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीवर बस. पाठ टेकायची नाही, कमरेत थोडं पुढं सरकून बसायचं, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, हात मांडीवर. कणा सरळ हवा, पण कवायतीतल्यासारखा ताठ नको; खांदे एकदा वर उचलून खाली सोड, जिथं पडतील तिथं राहू देत. पलंगावर बसू नकोस, शरीराला ती झोपायची जागा म्हणून ठाऊक असते. डोळे मिट. झोप येत असेल तर अर्धे उघडे ठेव आणि नजर दोन-तीन हातांवर फरशीवर सोड.

शांतता मिळण्याची वाट बघू नकोस. चिकोडीत सकाळी घंटा आहे, अजान आहे, दुधाच्या गाड्या आहेत, एसटीचा हॉर्न आहे. हे आवाज ध्यान मोडत नाहीत. आवाज आला, कानावर पडला, आपण श्वासाकडं. त्या आवाजावर आपण गोष्ट रचायला लागतो, ‘हा ड्रायव्हर रोज असाच वाजवतो, याची तक्रारच करायला पाहिजे’, तेव्हा मोडतं.

श्वास कुठं बघायचा? नाकपुड्यांच्या कडेला आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागात. आत येणारी हवा थोडी गार लागते, जाणारी कोमट. पहिल्या दिवशी तुला काहीच लागणार नाही. तसं झालं तर दोन-तीन श्वास मुद्दाम थोडे जोरात घे, हवा लागली की मग पुन्हा श्वास त्याच्या मनानं चालू दे. तंबाखूच्या हंगामात निपाणीकडच्या निम्म्या लोकांची नाकं चोंदलेली असतात. तुझंही तसं असेल तर नाक सोड आणि बेंबीच्या वर एक तळहात ठेव. पोट वर येतं, खाली जातं, तेवढं बघ. मात्र एका बैठकीत एकच जागा धर. मिनिटभर नाक, मिनिटभर पोट असं केलंस तर तो मनाचा पळायचाच एक प्रकार होतो.

इथं बरेच जण घसरतात. श्वास बघायला सांगितला की ते श्वास चालवायला लागतात. लांब घेतात, रोखतात, मोजूनमापून सोडतात. तो प्राणायाम, त्याची जागा वेगळी. आपण श्वास चालवतोय हे ओळखायची खूण अशी की दोन-चार मिनिटांत छाती भरून येते, दम लागल्यासारखं होतं, मधूनच मोठा सुस्कारा टाकावासा वाटतो. असं झालं तर श्वास पूर्ण बाहेर सोड आणि पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत काही करू नकोस. तो येतोच. जो आला तो तुझा श्वास, त्याच्यावर लक्ष ठेव. आखूड असेल तर आखूड, खरखरीत असेल तर खरखरीत.

गोयंकांच्या पद्धतीत मोजायचं नसतं. पण तू हिशेबातला माणूस, सुरुवातीला तुला आकड्याचा आधार देतो, आणि आकड्यांचा आधार जुन्या बौद्ध ग्रंथांतही सांगितलेला आहे. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’. पुढचा बाहेर गेला की ‘दोन’. दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून. निवांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, म्हणजे पाच मिनिटांत साठ ते ऐंशी. दहाची सहा ते आठ आवर्तनं. ऐकायला किती सोपं वाटतं! पहिल्या आठवड्यात सगळी आवर्तनं न तुटता पूर्ण झाली असं कुणी म्हणालं, तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा झोपला होता.

तुझी पहिली पाच मिनिटं कशी जातील ते सांगतो.

एक, दोन, तीन नीट होतील. चौथ्या श्वासाला वाटेल, जमतंय की. हा पहिला विचार, आणि तो विचार आहे हे तुझ्या लक्षात येणार नाही, कारण तो ध्यानाबद्दलचाच आहे. पाच, सहा. मग नाक खाजेल. सातला अंकलीचा तो शेतकरी आठवेल, ज्यानं डीएपीची पोती उचलली आणि ‘बिल आलं की देतो’ म्हणून गेला. कारखान्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. मग त्याला मिळाले असतील का? मिळाले असतील तर त्यानं आधी कुणाचे दिले? नक्कीच दुसऱ्या दुकानदाराचे. तू त्याला फोन लावशील, मनातल्या मनात. तो काय म्हणेल, तू काय म्हणशील, आवाज कुठं चढवशील, सगळं ठरेल. छाती थोडी आवळेल, जबडा घट्ट होईल. आणि अचानक ध्यानात येईल की अरे, आपण तर श्वास मोजत होतो. आकडा बघशील तर काय, सतरा, अठरा चाललेत! दहाला थांबायचं होतं. तोंड पोपटासारखं मोजत राहिलं आणि मन अंकलीला जाऊन भांडून आलं. आकडा दहाच्या पुढं गेलेला दिसला की समज, नुसतं मोजणं सुरू होतं, बघणं कधीच थांबलं होतं.

आता हा जो क्षण आहे, ‘अरे’ म्हणायचा, त्याच्यासाठी आपण बसलो आहोत. बाकीच्या पाच मिनिटांपेक्षा याची किंमत जास्त आहे. मन गेलं तेव्हा तू तिथं नव्हतास, कुणीच नसतं. जाणं कळून होत नाही. मन गेल्याचं कळलं तो पहिला क्षण तुझा आहे. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात हे तपासून झालंय. २०१२ मध्ये त्यांनी ध्यानाची सवय असलेल्या चौदा जणांना मेंदूच्या स्कॅनर यंत्रात झोपवलं, श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि हातात एक बटण दिलं. मन भटकलं होतं हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी बटण दाबायचं. त्यांना एक फेरा दिसला. लक्ष श्वासावर, मग भटकणं, मग ‘भटकलो’ हे कळणं, मग लक्ष परत आणणं, आणि पुन्हा श्वास. या चार टप्प्यांत मेंदूतले वेगवेगळे भाग कामाला लागत होते. सरावातल्या माणसांनाही तो फेरा चुकला नव्हता, पुन्हा पुन्हा तेच चाललं होतं. म्हणजे तुझं मन भटकतं म्हणून ‘मला ध्यान जमत नाही’ हे तुझं कारण टिकत नाही. तुला हा फेरा फिरायचाच आहे.

परत कसं आणायचं, यावर दिवाणजींनी मला सगळ्यात जास्त वेळ दिला. गल्ल्यावर नोटा मोजताना कुणी हाक मारली आणि आकडा चुकला तर तू काय करतोस? नोटांवर चिडत नाहीस, हाक मारणाऱ्याची चौकशी करत बसत नाहीस, गठ्ठा सारखा करून पहिल्या नोटेपासून मोजतोस. तसंच. सतरावर सापडलास, तर कुठं तुटलं ते शोधायचं नाही. मनात एकदाच म्हण, ‘विचार’. विचार कसला होता, चांगला की वाईट, त्यात पडू नको. मग घट्ट झालेला जबडा सैल सोड, कारण भांडण मनातून गेलं तरी जबड्यात राहतं. एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ दे. पुढच्या श्वासाला ‘एक’.

यात एक फसवी जागा आहे. मन परत आलं की लगेच दुसरा विचार येतो, ‘बघ, गेलंच ना, तुझ्यानं काय होणार’. हा आत्मपरीक्षणाचा वेष घालून येतो म्हणून माणूस त्याला आत घेतो, आणि त्यातच दोन मिनिटं जातात. त्यालाही तेवढीच वागणूक दे, ‘विचार’, आणि एक. उलटंही होतं. एखाद्या दिवशी दहाची दोन-तीन आवर्तनं सलग होतात, फार गोड वाटतं, आणि ‘आज काय मस्त लागलंय’ असं आपण स्वतःला सांगायला लागतो. तेही भटकणंच.

कधी असं होईल की खरंच महत्त्वाचं काही आठवेल. बियाण्यांच्या परवान्याची मुदत, आईच्या गोळ्या. मग वाटतं, आत्ता लिहून नाही ठेवलं तर विसरेन. उठू नकोस. पाच मिनिटांत परवाना रद्द होत नाही. शेजारी कागद-पेन ठेव, टायमर वाजल्यावर लिही. बहुतेक वेळा टायमर वाजेपर्यंत ती गोष्ट जिथल्या तिथं असते, आणि कागद आहे हे मनाला माहीत झालं की ते तगादाही कमी लावतं. नाक खाजलं तर लगेच हात नेऊ नको. खाज कुठं आहे, टोचते की चुरचुरते, वाढते की कमी होते, तीन-चार श्वास बघ. बऱ्याचदा जाते. नाही गेली तर सावकाश खाजव आणि परत ये, त्यात पाप नाही. पायाला मुंग्या आल्या तर पाय हलव. शरीराला छळून काही कमावायचं नाही.

डुलकी लागत असेल तर आधी झोपेचा हिशेब बघ. रात्री साडेअकरापर्यंत आवक-जावक लिहून पहाटे पाचला उठणारा माणूस डोळे मिटल्यावर झोपणारच. त्यावर ध्यान नको, झोप हवी. झोप पुरी होऊनही डुलकी येत असेल तर डोळे उघडे ठेवून बस, किंवा उभ्यानं कर. उभ्यानंही श्वास तेवढाच येतो-जातो.

आता गंभीर गोष्ट. काही माणसांना श्वासाकडं बघितलं की घाबरायला होतं. दमा असतो, किंवा पूर्वी कधी श्वास कोंडल्याची आठवण असते, किंवा नुसतीच छाती धडधडायला लागते. अशा वेळी ‘सहन कर, जाईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. डोळे उघड, तळव्यांना फरशी लागते तिकडं लक्ष ने, समोरच्या भिंतीवरच्या चार वस्तू बघ. उरलेली बैठक तळव्यांवर कर, श्वासावर नको. हे कमीपणाचं नाही, पायाचा तळवाही नाकाइतकाच तुझा आहे. आणि घरात कुणाला मानसिक आजारावर औषध चालू असेल, किंवा एखाद्याला बसलं की जुनं दुःख अंगावर येऊन दिवसभर सुटत नसेल, तर त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय बसू नये. बीपीची, साखरेची गोळी ध्यान करतो म्हणून बंद करणारे लोक मी आपल्या भागात बघितलेत. तू तसलं काही करू नकोस आणि कुणाला करू देऊ नकोस.

तू विचारशील, मिळतं काय यातनं? जेवढं तपासलंय तेवढंच सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या एका नियतकालिकात आढावा आला होता. त्यात सत्तेचाळीस चाचण्या, साडेतीन हजारांच्या वर माणसं. निष्कर्ष असा की चिंता, उदासी आणि दुखणं यांत मध्यम खात्रीचा, बेताचा फरक पडतो. झोप, वजन, एकाग्रता यांवर फरक पडतो असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आणि व्यायाम किंवा औषध यांपेक्षा ध्यान सरस, असंही दिसलं नाही. त्यातल्या लोकांना आठवडेच्या आठवडे शिकवणी होती, नुसत्या पाच मिनिटांवर ते निकाल नाहीत, हेही ध्यानात ठेव. तेव्हा कुणी ध्यानानं कॅन्सर बरा होतो म्हणाला की हात जोडून पुढं जायचं. दुसरा एक अभ्यास २०१० चा. सव्वादोन हजार माणसांना फोनवर दिवसातनं केव्हाही विचारत राहिले, आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय. जवळजवळ सत्तेचाळीस टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि ते भटकलेलं असताना माणसं जास्त नाराज होती. गोड विचारात भटकली होती तेव्हाही, कामात मन असताना जेवढं बरं वाटायचं त्यापेक्षा जास्त बरं वाटत नव्हतं. हे मला मोठं वाटतं. तुझ्या निम्म्या दिवसाचा हा हिशेब आहे.

म्हणून तू फायदा बघशील तो बैठकीत बघू नकोस, दुकानात बघ. बैठकीत शांत वाटलं की नाही यावरून काही कळत नाही. शांत वाटणं त्या दिवशीच्या झोपेवर, जेवणावर, कशावरही असतं. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणालं, ‘तुमच्याकडं युरियाची गोणी महाग आहे, तुम्ही लुटता’, तर तुझा चेहरा तापतो आणि तोंड उघडतं. या दोन्हींमध्ये एक बारीक फट असते. आज ती तुला दिसत नाही. सकाळी रोज ‘अरे, भटकलो’ हे कळायची सवय लागली की दुकानातही ते एखाद्या वेळी कळतं, जबडा घट्ट झालाय एवढं कळतं, आणि मग बोलायचं की नाही हे तू ठरवतोस. कधी तरीही बोलशील. पण कळून बोलशील. महिनाभर रोज बसूनही असं एकदाही झालं नाही, तर माझं म्हणणं सोडून दे आणि सकाळी तेवढा वेळ चालायला जा. चालण्याचा फायदा तर निश्चित आहे.

त्या महिन्यात वेळ वाढवू नकोस. हा माझा आग्रह आहे. उत्साहाच्या दिवशी वीस मिनिटं आणि कंटाळ्याच्या दिवशी शून्य, असं केलंस की सवय लागत नाही, ध्यान लहरीवर जातं. पाच म्हणजे पाच. चांगलं चाललं असलं तरी टायमर वाजला की ऊठ. लग्नाचा दिवस असो, हंगामाची गर्दी असो, पाच मिनिटं निघतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा करून भरपाई नको, पुन्हा पाचच. कॅलेंडरवर एक फुली मार, बाकी काही लिहू नकोस. कसं झालं याची नोंद ठेवायला लागलास की बैठकीतही नोंदच चालू राहते. महिन्यानंतर आकडे सोडून दे आणि नुसता श्वास बघ. मग आठ, मग दहा. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘मित्र’ उपक्रमात पोरं आनापानाला दहाच मिनिटं बसतात, आणि घरसंसार असलेल्या माणसाला रोजच्या रोज तेवढं पुष्कळ आहे.

आळत्याचं बोलायचं राहिलं. तिथं दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं, पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक असते, फोन जमा करतात. फी नसते, आधी बसून गेलेल्या लोकांच्या दानावर चालतं. जे पाच मिनिटंही बसलेले नाहीत असे लोक तिथं जातात आणि काहींना ते सोसतंही. तुझ्या स्वभावाला ते सोसणार नाही असं मला वाटतं. तिसऱ्या दिवशी भांडून परत येशील आणि मग श्वासाचं नावही काढणार नाहीस. दहा मिनिटं सहा महिने झाली आणि आणखी खोल बघावंसं वाटलं तरच जा, ऊस संपल्यावर, दुकानात कुणाला तरी बसवून. आणि अर्ज भरशील तेव्हा आजाराचं आणि औषधांचं विचारतात तिथं एकही गोष्ट लपवू नकोस. मनाच्या दुखण्याचं तिथं मुद्दाम विचारतात, कारण एवढा वेळ गप्प बसणं प्रत्येकाला झेपत नाही.